न दिसणारा जोडक: कुटुंबाचे आणि व्यवसायांचे इमोजी कसे बनतात

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)

आजचा विषय मोबाइलच्या कीबोर्डवरच्या चित्रांचा आहे, पण सुरुवात मी मराठी लेखनापासून करणार आहे. का, ते पाच मिनिटांत कळेल.

पडद्यावर दोन शब्द आहेत: दर्या आणि दऱ्या. पहिला म्हणजे समुद्र, दुसरं ‘दरी’चं अनेकवचन. बोलताना आपला गोंधळ होत नाही. ‘दर्या’त ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’त येत नाही. लिहितानाही होत नाही. एकात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात र आडवा, पापणीसारखा, पुढच्या अक्षराला चिकटून बसतो. आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात काय फरक आहे हे लग्नघरातल्या कुणालाही विचारा!

पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन्हीकडे मालमसाला एकच: र, हलन्त आणि य. मग त्याने रफार कधी काढायचा आणि पापणीचा र कधी? युनिकोडने याची एक सोय अशी केली:

```
0926 0930 094D 092F 093E         दर्या
0926 0930 094D 200D 092F 093E    दर्‍या
```

वरच्या ओळीत पाच अंक आहेत, खालच्या ओळीत सहा. मधे घुसलेला जो पाहुणा आहे, `200D`, तो आजचा आपला नायक. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. मी त्याला नुसतं ‘जोडक’ म्हणेन. तो स्वतः दिसत नाही, जागा घेत नाही. त्याचं काम फक्त शेजाऱ्यांना सांगणं: तुम्ही जोडलेल्या रूपात या. अरबीसारख्या लिप्यांमध्ये आणि आपल्या भारतीय लिप्यांमध्ये त्याची गरज होती, म्हणून तो युनिकोडमध्ये आला. आता पापणीच्या र साठी ऱ हे वेगळं अक्षर वापरण्याची पद्धत जास्त चांगली मानली जाते, पण जोडकाने लिहिलेला मराठी मजकूर आजही भरपूर सापडतो आणि तोही बरोबरच आहे.

इमोजीवाल्यांनी हाच जोडक उसना घेतला. म्हणजे तुम्ही आई, बाबा, मुलगी, मुलगा असं चौकोनी कुटुंबाचं चित्र पाठवता, तेव्हा ‘दऱ्या’मधला तोच अदृश्य पाहुणा तीन वेळा तुमच्या निरोपातून जात असतो.

आता हे कुटुंब सोडवून बघू.

```
👨‍👩‍👧‍👦
1F468 200D 1F469 200D 1F467 200D 1F466
```

पुरुष, जोडक, स्त्री, जोडक, मुलगी, जोडक, मुलगा. एक चित्र, सात कोडपॉइंट. कोडपॉइंट म्हणजे युनिकोडच्या यादीत एका चिन्हाला दिलेला क्रमांक, एवढंच लक्षात ठेवा. ‘चार जणांचं कुटुंब’ असं एक चिन्ह त्या यादीत नाही. असतात ती चार सुटी माणसं, आणि त्यांच्यामधले तीन जोडक.

मग एकत्र चित्र येतं कुठून? तर फॉन्टमधून. फॉन्टमध्ये नुसती अक्षरांची चित्रं नसतात, एक तक्ताही असतो: अमुक चिन्हं अमुक क्रमाने आली की त्यांच्या जागी हे एक चित्र ठेवा. देवनागरी फॉन्टमध्ये क, हलन्त, ष असा क्रम आला की तिघांच्या जागी ‘क्ष’ ठेवलं जातं, ते याच तक्त्यामुळे. इमोजीच्या फॉन्टमध्ये त्याच धाटणीची नोंद असते: पुरुष-जोडक-स्त्री-जोडक-मुलगी-जोडक-मुलगा दिसलं की हे कुटुंबाचं चित्र ठेवा. अँड्रॉइडमध्ये आणि क्रोममध्ये ही मांडणी करणारा प्रोग्रॅमसुद्धा एकच आहे, हार्फबझ नावाचा. तोच आपली जोडाक्षरं लावतो, तोच कुटुंबं लावतो. मला स्वतःला हे फार आवडतं: ज्यांना जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांना इमोजी नव्याने शिकावे लागत नाहीत.

यात एक गैरसमज होण्याची शक्यता असते. लोकांना वाटतं की फोन चार माणसं घेतो आणि तुमच्यासमोर शेजारी शेजारी उभी करतो. सहसा तसं होत नाही. कुटुंबाचं चित्र कुणा चित्रकाराने आधीच पूर्ण काढून ठेवलेलं असतं. जोडकाची साखळी ही फक्त त्या चित्राकडे जाणारी चावी. चावी जुळली तर कपाट उघडतं, नाही जुळली तर नाही.

नाही जुळली तर काय होतं? इथे या योजनेचं खरं शहाणपण आहे. चौकट येत नाही, प्रश्नचिन्ह येत नाही. जोडक मुळातच अदृश्य, त्यामुळे उरतात ती चार सुटी माणसं, ओळीने उभी: 👨👩👧👦. जुन्या फोनवर पाहणाऱ्याला एकत्र कुटुंबाऐवजी रांग दिसते, पण अर्थ पोचतो.

श्रोत्यांमधून प्रश्न: मग मी कुठलेही इमोजी जोडकाने जोडू शकतो का? आमच्या घरात आजी आहे.

जोडू शकता. आजीचा इमोजी आहे, `1F475`. आजी, जोडक, बाबा, जोडक, आई, जोडक, मुलगी अशी साखळी लिहिली तर नियमाविरुद्ध काहीच नाही. पण ती चावी लागणारं कपाट बहुतेक कुणीच बनवलेलं नाही, त्यामुळे आजी वेगळीच उभी दिसणार. युनिकोडची संस्था एक यादी ठेवते, सर्वसाधारण वापरासाठी शिफारस केलेल्या साखळ्यांची, आणि फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्या साधारण त्या यादीपुरतीच चित्रं काढतात. त्या यादीत आई-बाबा, दोन बाबा, दोन आया, एकटे बाबा, एकटी आई हे पाच प्रकार, आणि प्रत्येकाबरोबर एक किंवा दोन मुलं. आजी-आजोबा नाहीत. तीन मुलं नाहीत. म्हणजे तंत्राने काहीही लिहिता येतं, पण दिसतं ते यादीत असलेलंच.

क्रमसुद्धा यादीप्रमाणेच लागतो. यादीत मुलगी आधी आणि मुलगा नंतर आहे. उलट लिहिलंत, तर बहुतेकदा आई-बाबा-मुलगा यांचं तिघांचं चित्र येतं आणि मुलगी बाहेर सुटी. फॉन्ट आपला तक्ता बघतो, त्यात बसेल तेवढी साखळी उचलतो, उरलेलं बाजूला ठेवतो.

यादीबाहेरचं करून बघणारे होते, नाही असं नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये निंजा मांजरांचे इमोजी आणले: मांजर, जोडक आणि आणखी एक चिन्ह. विंडोजवर काळे कपडे घातलेलं मांजर दिसायचं. तोच निरोप दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गेला की मांजर आणि शेजारी एक माणसाची सावली. दुसऱ्या कुणी ती चित्रं काढली नाहीत.

आता व्यवसायांकडे येऊ, कारण तिथे जोडकाने नुसती सोय केली नाही, एक तुंबलेलं काम मोकळं केलं.

२०१० च्या सुमाराला जपानी मोबाइल कंपन्यांचे इमोजी युनिकोडमध्ये आले. त्यात पोलीस होता, बांधकाम मजूर होता, आणि बहुतेक फोनवर ते पुरुष दिसायचे. बायका कुठे होत्या? नवरी, राजकन्या, नाचणारी. मे २०१६ मध्ये गूगलमधल्या काही जणांनी युनिकोडकडे प्रस्ताव दिला की काम करणाऱ्या स्त्रियांचे इमोजी हवेत. आता ‘शेतकरी स्त्री’साठी नवा कोडपॉइंट मागायचा तर प्रमाणाच्या नव्या आवृत्तीपर्यंत थांबायचं, यात एक-दोन वर्षं सहज जातात. शिवाय प्रत्येक व्यवसायाला दोन क्रमांक, त्वचेच्या छटा वेगळ्या. म्हणून त्यांनी नवं चिन्ह मागितलंच नाही. असलेल्या चिन्हांची साखळी सुचवली: माणूस, जोडक, आणि त्याच्या कामाची वस्तू.

```
👩‍🌾   1F469 200D 1F33E
👩‍🏫   1F469 200D 1F3EB
👩‍🍳   1F469 200D 1F373
👩‍⚕️   1F469 200D 2695 FE0F
```

पहिली शेतकरी. स्त्री अधिक भाताची लोंबी. ते चिन्ह जपानकडून आलंय, म्हणून लोंबी भाताची. ज्वारीचं कणीस नाही. दुसरी शिक्षिका: स्त्री अधिक शाळेची इमारत. तिसरी स्वयंपाकाचं काम करणारी: स्त्री अधिक तवा. चौथी आरोग्यसेविका किंवा डॉक्टर: स्त्री अधिक सापाची काठी. २०१६ संपण्याआधी असे सोळा व्यवसाय, प्रत्येकी स्त्री आणि पुरुष, यादीत आले. नवा कोडपॉइंट न लागल्यामुळेच हे सहा-सात महिन्यांत होऊ शकलं.

पोलिसाचं मात्र वेगळं केलं. त्याचं चिन्ह आधीच होतं, म्हणून तिथे वस्तू न जोडता स्त्रीचं चिन्ह जोडतात: 👮‍♀️ म्हणजे पोलीस, जोडक, ♀. हे जरा ठिगळ लावल्यासारखं आहे, पण जुने निरोप मोडू नयेत म्हणून ते तसं करावं लागलं.

कुटुंबाची साखळी तुटली तर अर्थ फारसा बदलत नाही, हे आपण पाहिलं. व्यवसायाची तुटली तर? 👩🌾, स्त्री आणि लोंबी, ठीक आहे, अंदाज येतो. स्त्री आणि शाळा: शिक्षिका की मुलाला शाळेत सोडायला आलेली आई? स्त्री आणि विमान: वैमानिक की प्रवासाला निघालेली? आणि स्त्री आणि तवा बघा. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पगारावर काम करणारी शेफ दाखवायची होती, आणि जुन्या फोनवर पोचलं काय, तर बाई आणि तवा! ज्या चित्राविरुद्ध हा सगळा प्रस्ताव होता तेच. यात दोष कुणाचा नाही. पण साखळी ‘छान तुटते’ असं जे कौतुकाने सांगतात ते मला व्यवसायांच्या बाबतीत अर्धंच पटतं.

त्वचेच्या छटांबद्दल एकच गोष्ट सांगतो. छटेचं चिन्ह माणसाच्या लगेच पुढे, जोडकाच्या आधी यावं लागतं:

```
👩🏽‍🌾   1F469 1F3FD 200D 1F33E
```

छटा माणसाला लागते, लोंबीला नाही. ती शेवटी टाकली तर शेतकरी आपल्या मूळ पिवळ्या रंगात आणि शेजारी तपकिरी रंगाचा एक सुटा ठोकळा, असं दिसतं. असा ठोकळा कुठे दिसला तर समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने छटा चुकीच्या जागी चिकटवली आहे.

श्रोत्यांमधून प्रश्न: कुटुंबाला मात्र छटा का देता येत नाही?

हिशोब करू, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. छटा पाच. आई-बाबांचे जोडीचे प्रकार तीन. एक मूल असेल तर मुलगा किंवा मुलगी, दोन पर्याय. माणसं तीन, प्रत्येकाला पाच छटा, म्हणजे १२५. ३ गुणिले २ गुणिले १२५, झाले ७५०. दोन मुलं असतील तर पर्याय तीन आणि माणसं चार, चौघांचे ६२५. ३ गुणिले ३ गुणिले ६२५, झाले ५६२५. एकट्या पालकाचे असेच काढले तर १०० आणि ७५०. बेरीज ७२२५. जगातले सगळे शिफारस केलेले इमोजी मिळून चार हजारांच्या आसपास आहेत, आणि एका कुटुंबापायी सात हजारांवर चित्रं! ती फॉन्टमध्ये ठेवायची, फोनवर पाठवायची, आणि निवडायला कीबोर्डवर जागाही द्यायची. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मिश्र छटांची कुटुंबं दाखवली होती, बाकीच्यांनी तो मार्ग धरला नाही.

शेवटी २०२३ च्या यादीत उलटा रस्ता निघाला. लिंग नसलेल्या मोठ्या माणसाची आणि मुलाची चिन्हं घेऊन चारच साखळ्या केल्या: दोन मोठे एक मूल, दोन मोठे दोन मुलं, एक मोठा एक मूल, एक मोठा दोन मुलं. ही चित्रं सावलीसारखी, चेहरा नसलेली. मार्च २०२४ मध्ये ॲपलने आयफोनवरची जुनी कुटुंबंसुद्धा तशाच सावल्यांच्या रूपात आणली. बरेच लोक नाराज झाले. इथे एक बारीक गोष्ट आहे: तुम्ही २०१५ साली पाठवलेला निरोप कुणी बदललेला नाही. त्यातले सातही कोडपॉइंट जिथल्या तिथे आहेत; पुरुष, स्त्री, मुलगी, मुलगा सगळे. बदललं ते कपाटातलं चित्र. माझं मत विचाराल तर हिशोब पटतो, पण चित्र पटत नाही. सावल्यांचं कुटुंब बघून मला रेल्वे स्टेशनवरच्या प्रतीक्षालयाची पाटी आठवते. आणि आजी या चारांतही नाहीच.

आता शेवटचा भाग, जे प्रोग्रॅम लिहितात किंवा वेबसाइट सांभाळतात त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही ऐका, कारण भोगतो आपणच. या कुटुंबाची लांबी किती, असं विचारलं तर उत्तर कशात मोजता त्यावर आहे.

```
const s = "👨‍👩‍👧‍👦";
s.length                                          // 11
[...s].length                                     // 7
[...new Intl.Segmenter("mr").segment(s)].length   // 1
```

जावास्क्रिप्ट साधी लांबी मोजताना प्रत्येक माणसाला दोन घरं देते आणि जोडकाला एक. चार दुणे आठ अधिक तीन, अकरा. कोडपॉइंट मोजले तर सात. माणसाच्या डोळ्यांना दिसतं ते एक, आणि ते मोजायचं काम शेवटच्या ओळीतला सेगमेंटर करतो. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं तर माणसाला चार बाइट, जोडकाला तीन, एकूण २५ बाइट.

समजा एका ॲपमध्ये नाव लिहायला दहा घरांची मर्यादा आहे आणि ॲप सरळ कापतं. अकरा घरांतलं शेवटचं गेलं. शेवटचं घर म्हणजे मुलाचा उत्तरार्ध! मुलाचा पूर्वार्ध एकटा राहतो आणि त्याच्या जागी काळा हिऱ्यातला प्रश्नचिन्हाचा ठिपका येतो. हे बरं, कारण चूक दिसते तरी. मर्यादा आठ असती तर? पुरुष, जोडक, स्त्री, जोडक, मुलगी: बरोबर आठ घरं. साखळी नेमकी सांध्यावर कापली गेली आणि राहिली ती साखळीही यादीत आहे. म्हणजे पडद्यावर तिघांचं नीटनेटकं कुटुंब. मुलगा गेला आणि तुटल्याची खूणही नाही. काही ठिकाणी बॅकस्पेस दाबलं की असंच एकेक माणूस कमी होतं. काही ठिकाणी अख्खं कुटुंब एकदम पुसलं जातं. दुसरं वागणं बरोबर, असं युनिकोडचा नियम सांगतो: चित्र, जोडक, चित्र यांच्यामध्ये कापू नये.

याहून वाईट प्रकार ‘साफसफाई’चा. काही फॉर्म मजकूर घेताना न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. कारण चांगलं असतं: कुणी अदृश्य चिन्हं घालून दोन वेगळी नावं एकसारखी दाखवू नयेत. पण ते असं करतात:

```
text.replace(/[\u200B-\u200D]/g, "")
```

या एका ओळीने कुटुंबातले चौघे सुटे होतात, शेफच्या हातचा तवा गळतो, आणि मराठीत? आपण जिथून सुरुवात केली तिथे जा. जोडकाने लिहिलेल्या ‘दर्‍या’मधला `200D` गेला की उरतं ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र झाला, आचाऱ्यांचे आचार्य झाले. इमोजी तुटलेला दिसतो म्हणून कुणीतरी तक्रार करतं. हा शब्द तुटलेला दिसत नाही, कारण तोही शब्द खराच आहे. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याला पास करतो.

तेव्हा तुमच्या साइटवर मराठी मजकुरात जिथे तिथे नको तो रफार दिसायला लागला, तर लेखकाला रागावण्याआधी चार जणांचं कुटुंब त्याच फॉर्ममध्ये टाकून बघा. पानावर चार सुटी माणसं आली तर फॉर्म जोडक खातोय. कुटुंब शाबूत राहिलं तर मूळ मजकुरातच काही आहे.

श्रोत्यांमधून प्रश्न: मग अदृश्य चिन्हांचा गैरवापर थांबवायचा कसा? काढायचंच नाही?

काढायचं, पण शेजारी बघून. जोडकाच्या आधी हलन्त असेल तर ठेवा. आधी इमोजीचं चित्र, किंवा त्याची छटा, किंवा `FE0F`, आणि नंतर लगेच इमोजीचं चित्र असेल तर ठेवा. या दोन्हींत बसत नसेल, उदाहरणार्थ इंग्रजी दोन अक्षरांच्या मधे किंवा नावाच्या अगदी शेवटी लोंबकळत असेल, तर खुशाल काढा. वेबसाइटच्या पत्त्यांसाठीचा सध्याचा नियम साधारण यातल्या पहिल्या भागासारखाच आहे: तिथे जोडक चालतो तो हलन्तानंतरच. इमोजीसाठी त्यात जागा नाही.

आणि तो `FE0F` वर डॉक्टरच्या साखळीत शेवटी होता, त्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगतो. सापाची काठी, तराजू आणि विमान ही चिन्हं मुळात साध्या काळ्या छापाची आहेत. ‘रंगीत चित्र म्हणून दाखव’ असं सांगायला त्यांच्यामागे `FE0F` लागतो. म्हणून डॉक्टर, न्यायाधीश आणि वैमानिक यांच्या साखळ्या शेतकऱ्यापेक्षा एकाने लांब. काही कीबोर्ड तो टाकत नाहीत, आणि अनेक फोन तरीही बरोबर चित्र दाखवतात. मग डोळ्यांना दोन डॉक्टर अगदी सारख्या दिसतात, आणि शोध घेताना एक सापडते, दुसरी सापडत नाही. शोधासाठी साठवताना `FE0F` दोन्हीकडून काढून तुलना करा, दाखवताना मात्र मूळ साखळी जशीच्या तशी द्या.